एक फॉर्म जास्त

घरात बारावी आली की त्या घराचं काय होतं, हे कोथरूडमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दारावरची बेल बंद दिसली की शेजारी आपणहून हलक्या हातानं कडी वाजवतात. आमची बेल जूनमध्येच बंद झाली. टीव्हीचं कनेक्शन काढलं, पाहुण्यांना यायला नको म्हणून कळवलं, नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला मी एकटीच जाऊन तोंड दाखवून परत आले. आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक नियम घालून दिला. मुलाला काही विचारायचं नाही.

"विचारलं की तो डिस्टर्ब होतो," हे म्हणाले. "त्याला हवं ते हातात द्यायचं आणि बाजूला व्हायचं. आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे." हे सकाळी आठला खराडीला ऑफिसला निघत ते संध्याकाळी उशिरा परत येत, त्यामुळे बाजूला होणं त्यांना सोपं होतं. मी दिवसभर घरात होते. तीन खोल्यांच्या घरात बाजूला होऊन माणूस होणार तरी कुठे?

मुलगा बोलायचा बंद झाला होता. आधीही फार बोलका नव्हता, पण आता "हो", "नाही" आणि "ठेव तिथे" एवढ्यावर त्याचं भागत होतं. एका पोळीचा दुसरा घास तो किती वेळ चावायचा, ते मी बघत बसायचे. हा परीक्षेपर्यंत टिकेल ना, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात असायचा, आणि तोच विचारायची मला बंदी होती.

यातली गंमत अशी, की मी तेव्हा मानसशास्त्राच्या एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. लग्नाआधी सुटलेलं शिक्षण पुन्हा धरलं होतं. आणि शोधनिबंधासाठी मी विषय निवडला होता, बारावीच्या विद्यार्थ्यांवरचा परीक्षेचा ताण. म्हणजे गावातल्या सगळ्या मुलांना विचारायची मला मोकळीक होती, घरातला तेवढा एक सोडून. मी हे ह्यांना हसत हसत सांगितलं. हे हसले नाहीत.

माझ्या मार्गदर्शक मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण उभे आहोत की बसलो आहोत तेही विसरायला व्हावं. मी मोठ्या हौसेनं तीस प्रश्न स्वतः तयार करून नेले होते. पहिलाच प्रश्न होता, 'परीक्षेच्या प्रचंड ताणामुळे तुमची झोप आणि भूक कमी झाली आहे का?'

मॅडमनी पेन्सिल टेकवली. "प्रचंड ताण आहे, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. मग मुलांना कशाला त्रास देताय? आणि झोप गेली पण भूक शाबूत आहे, असा मुलगा काय लिहील?"

"दोन प्रश्न करते त्याचे."

"प्रश्न करूच नका. लोकांनी वर्षानुवर्षं तपासून ठेवलेली मापनश्रेणी आहे, ती वापरा. आपल्या स्वयंपाकघरातली वाटी घेऊन कापड मोजू नये."

मापनश्रेणी म्हणजे ठरावीक विधानांचा संच. प्रत्येक विधानापुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच पर्याय, त्यांना शून्य ते चार गुण, आणि शेवटी बेरीज. मॅडमनी मला आधी एक साधा प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला. तुम्हाला मोजायचंय काय? गेल्या महिन्यात आयुष्य एकूण आवाक्याबाहेर गेल्यासारखं वाटलं का, ते? की परीक्षेच्या विचारानं धडधडतं का, ते? दोन्ही वेगळं आहे. घरी भांडणं असलेल्या मुलाला पहिलं असेल, दुसरं नसेलही. शेवटी दोन लहान श्रेण्या घ्यायच्या ठरल्या, एक सर्वसाधारण ताणाची आणि एक परीक्षेच्या चिंतेची, दहा दहा विधानांच्या. ज्यांनी त्या बनवल्या त्यांची परवानगी मागितली. मी मराठी केलं, ते दुसऱ्या एका बाईंनी मूळ न बघता परत इंग्रजीत नेलं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर माझ्या मराठीची काय काय प्रकरणं आहेत ते कळलं.

सर्वसाधारण श्रेणीतली काही विधानं उलटी होती. म्हणजे बाकीची 'मला झेपत नाहीये' अशा अर्थाची, आणि मधूनच एखादं 'अडचणी आल्या तरी निभावता येतील असं वाटलं' असं. त्यांचे गुण उलटे द्यायचे. चार असेल तर शून्य, शून्य असेल तर चार.

"हे कशासाठी, सांगा," मॅडम म्हणाल्या.

"मुलं न वाचता एकाच रांगेत खुणा करत गेली तर पकडता येतं."

"बरं. आणि जो खरं लिहितोय, तोही त्यानंच कळतो. ते पण लक्षात ठेवा."

मी वहीत लिहून घेतलं. लक्षात ठेवायची वेळ पुढे येणार आहे, हे काही माहीत नव्हतं.

माझा एकच प्रश्न मॅडमनी हो-ना करत राहू दिला, सगळ्यात शेवटचा, मोकळ्या उत्तराचा. 'परीक्षेच्या काळात घरातली एक गोष्ट बदलता आली, तर कोणती बदलाल?' "याचे गुण कसे देणार?" असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, देणार नाही, नुसतं वाचीन. "वाचा," त्या म्हणाल्या. "पण वाचल्यावर काय करणार, तेही ठरवून ठेवा."

प्रश्नावली झाली. आता मुलं कुठून आणायची? दोन शाळांनी नकार दिला आणि एका कॉलेजनं उत्तरच दिलं नाही. उरला तो माझ्या मुलाचा क्लास. मुख्य रस्त्यावर, दोन दुकानांच्या वर तीन मजले, बारावीचे तीन वर्ग, प्रत्येकी साठ मुलं. संचालक सर बोलायला फार गोड होते.

"अहो, तुमचा मुलगा आमचाच ना? करा की. आपण ए बॅचला देऊ, हुशार मुलं आहेत, व्यवस्थित भरतील."

"सर, फक्त ए बॅच घेतली तर बाकीच्यांचं कळणार नाही."

"बाकीच्यांचं काय कळायचंय? अभ्यास करत नाहीत, म्हणून टेन्शन." ते हसले. मग म्हणाले, "एक करा, रिझल्ट आधी मला दाखवा. चांगला आला तर आपण फ्लेक्सवर घेऊ. तणावमुक्त शिक्षण."

"आणि चांगला नाही आला तर?"

"तुमचा मुलगा आमचाच आहे," सर पुन्हा तेच म्हणाले, तितक्याच गोड आवाजात. फेब्रुवारीत परीक्षा, त्याआधी क्लास बदलणं शक्य नाही, आणि माझ्या निबंधालाही दुसरीकडे जागा नाही. मी "बघू या सर" म्हणून उठले. त्या दिवशी जिना उतरताना मला स्वतःचा राग आला होता, आणि तो सगळा रिक्षावाल्यावर निघाला.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकत्रित आकडे दाखवा त्यांना, क्लासचं नाव कुठेही न घालता. फॉर्म एकही दाखवायचा नाही. आणि तुमचा मुलगा यादीतून काढा."

"यादृच्छिक निवड आहे ना? आला नंबर तर आला."

"आईला उत्तर देणारा मुलगा काय लिहील? आईला बरं वाटेल असं, नाहीतर आईला लागेल असं. दोन्ही माझ्या उपयोगाचं नाही."

त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हा सुटल्यासारखंही वाटलं, हे कबूल करते. घरात विचारायचं नाही, अभ्यासातही विचारायचं नाही. दोन्हीकडून नियम एकच सांगत होते, म्हणजे मी काही चुकत नव्हते.

तीन याद्या घेतल्या, त्यातलं त्याचं नाव पट्टीनं सरळ रेघ मारून खोडलं. मग प्रत्येक वर्गातून वीस वीस, म्हणजे साठ मुलं संगणकानं काढलेल्या आकड्यांप्रमाणे निवडली. जो हात वर करील त्याला फॉर्म, असं केलं असतं तर बोलकी आणि धीट मुलंच आली असती. मुलं अठराच्या आतली, म्हणून प्रत्येकाच्या पालकांना संमतीपत्र पाठवलं, आणि मुलाला स्वतःलाही 'नाही' म्हणायची मुभा ठेवली. माहितीपत्रकाच्या मथळ्यात 'ताण' हा शब्द घातला नाही, 'विद्यार्थ्यांचा दिनक्रम आणि अनुभव' असं लिहिलं, म्हणजे मुलं आधीच तोंड पाडून बसणार नाहीत. मदत लागली तर कुठे फोन करायचा, ते खाली दिलं. आणि ठळक अक्षरांत एक ओळ होती, माझीच: 'तुमची उत्तरं तुमच्या पालकांना किंवा शिक्षकांना कळणार नाहीत.'

चाचणी परीक्षेचा आठवडा टाळून नोव्हेंबरातली एक दुपार ठरवली. क्लासच्या ऑफिसातल्या बाईंनी कर्तव्य म्हणून सगळ्या फॉर्मवर रोल नंबरचा चौकोन आखून ठेवायची तयारी केली होती, ती थांबवली. वर्गातले सर खिडकीशी उभे राहायला बघत होते, त्यांना चहाला पाठवलं. तरी मुलं सवयीनं एका बाकावर एक अशी बसली, पिशव्या पुढे नेऊन ठेवल्या. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, निगेटिव्ह मार्किंग आहे का?" कुणी हसलं नाही. तिनं ते गंभीरपणे विचारलं होतं.

सगळ्यांना मी सारखी काळी बॉलपेनं वाटली होती, शाईवरून कुणी ओळखू येऊ नये म्हणून. दारात संमतीपत्र आलंय का बघून यादीवर फक्त हजेरीची खूण, आत नाव नसलेला फॉर्म. भरून झाला की घडी घालून खाकी खोक्याच्या फटीतून आत. खोकं चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद. पालकांच्या सहीनिशी बावन्न संमतीपत्रं आली होती, त्यातली पंचेचाळीस मुलं त्या दिवशी हजर होती.

"सात कमी पडतायत?" संचालक सर दारात आले. "बदली देतो ना. चांगली मुलं देतो."

"बदली चालत नाहीत सर. जी आली नाहीत तीच हवीत."

"का? असं काय आहे त्यांच्यात?"

"ती आली नाहीत, हेच आहे." एवढं उद्धट उत्तर मी त्यांना पहिल्यांदाच दिलं. न येणारी मुलं कदाचित सगळ्यात जास्त वैतागलेली असतील, आणि त्यांना सोडून हजर असलेल्यांची बेरीज केली तर उत्तर खोटं गोड येईल, हे मी नंतर नीट समजावलं. सरांनी ऐकून घेतलं आणि तीन दिवसांनी पुन्हा वर्ग दिला.

आणि इथे मी चूक केली. मॅडमनी सांगितलं होतं, खोकं विभागातल्या कपाटात कुलपात. पण कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर, आणि मला तीन दिवसांनी परत क्लासलाच यायचं होतं. मी खोकं स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घरी आणलं. जेवणाच्या टेबलाच्या कडेला, भिंतीशी ठेवलं. त्याच्यावर उरलेले कोरे फॉर्म आणि माहितीपत्रकं. तीन दिवस ते तिथे होतं आणि आम्ही तिघं त्याच्या शेजारी बसून जेवत होतो. मुलानं पहिल्या दिवशी एकदा विचारलं, "यात आमच्या बॅचचे आहेत?"

"आहेत."

"मला नाही आला."

"तुझा नंबर नव्हता," मी म्हटलं. पट्टीनं मारलेली रेघ मी त्याला सांगितली नाही. हे तिथेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ताटात बघायला लागले.

दुसऱ्या फेरीला सातातली सहा मुलं आली. खोकं घेऊन मी घरी परतले, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा क्लासला आणि हे कामाला गेल्यावर चिकटपट्टी कापली आणि मोजायला बसले. हजेरीच्या खुणा एक्कावन्न. संमतीपत्रं बावन्न, पण त्यातलं एक दोन्ही वेळा न आलेल्या मुलाचं. फॉर्म बावन्न.

मी तीनदा मोजले. मग कुणी दोन भरले असतील असं वाटून एकेक उलगडून रांगेनं लावत गेले. सगळे काळ्या शाईतले. एक निळ्या.

तो बाजूला ठेवायचा, हे मला कळत होतं. कुठलाही फॉर्म कुणाचा आहे हे कळलं की तो न वाचता बाजूला ठेवायचा, एवढी शिस्त मला शिकवलेली होती. मी वाचला. आई होते म्हणून वाचला, असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर पाच महिन्यांत त्याच्याकडून मला मिळालेलं ते पहिलं लांब उत्तर होतं, आणि मी त्याला भुकेली होते.

झेपत नाही, नेहमी. चिडचिड होते, बऱ्याचदा. परीक्षेचा विचार आला की पोटात गोळा येतो, नेहमी. परीक्षा टाळता आली तर सुटेन असं वाटतं, नेहमी.

मी पहिलं काय केलं असेल, तर त्याला खोटं पाडायला गेले. माझ्यावरच्या रागानं सरसकट शेवटच्या रकान्यात खुणा मारल्या असतील, आईला लागावं म्हणून. मॅडम म्हणाल्याच होत्या. तसं असेल तर उलटी विधानंही 'नेहमी'त असणार. मी बोट ठेवून एकेक शोधलं. 'अडचणी आल्या तरी निभावता येतील असं वाटलं', कधीच नाही. 'गोष्टी मनासारख्या चालल्यात असं वाटलं', कधीच नाही. एका ठिकाणी त्यानं 'कधी कधी' वर खूण करून, खोडून, विचार करून 'क्वचित' केलं होतं. इतक्या काळजीनं फॉर्म भरणारं दुसरं मूल त्या बावन्नांत नव्हतं. निसटायला मी जी फट शोधत होते, ती मीच आधी बुजवून ठेवली होती.

शेवटच्या मोकळ्या प्रश्नाखाली दोन ओळी होत्या. 'जेवताना माझ्याकडे बघत बसू नका. विचारायचं असेल तर विचारा.'

अक्षर त्याचंच. 'झ'ची शेपटी तो पहिलीपासून उलटी वळवतो, मीच किती वेळा गिरवून घेतली होती. मी तो कागद तसाच हातात धरून बसले, आणि समोर माझंच माहितीपत्रक पडलेलं होतं. तुमची उत्तरं तुमच्या पालकांना कळणार नाहीत. काल-परवाच मी ते वाक्य एक्कावन्न मुलांना मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं. त्यानं टेबलावरच्या कोऱ्या फॉर्मसोबत ते वाचलं असणार आणि त्यावर विसंबून भरलं असणार. की आईनं ओळखावं म्हणूनच निळं पेन घेतलं असेल? दोन्हीतलं काहीही खरं असू शकत होतं, आणि विचारून खात्री करायची तर वाचलं हे सांगावं लागणार. विचारू नये तर तो फेब्रुवारीकडे एकटाच चालत जाणार. मला रडू आलं, आणि रडतानाही दाराकडे लक्ष ठेवावं लागत होतं.

दुपारी मी मॅडमकडे गेले. खोकं बरोबर घेऊन. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. न रागावणं जास्त कठीण गेलं.

"पालकांची संमती आहे त्या फॉर्मला?"

"पालक मीच आहे."

"तेच विचारते. सही आहे?"

"नाही."

"निवडलेल्या साठांत आहे?"

"नाही."

"मग तो तुमच्या अभ्यासात नाही. काढून टाका. मर्यादांच्या प्रकरणात लिहा की पेटी संशोधिकेनं घरी नेली, त्यामुळे एक अनधिकृत प्रतिसाद आला आणि तो वगळला. लपवायचं नाही." त्यांनी खोकं विभागातल्या त्याच कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच होती की, हे मला तेव्हा कळलं.

"आणि मी वाचलं, त्याचं काय?"

"त्याच्या जिवाला धोका वाटावा असं काही आहे?"

मी नीट आठवलं. "तसं नाही वाटत. पण परीक्षा टाळावीशी वाटते म्हणतो. नेहमी."

"तसं नाही, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून आजच विचारा. थांबू नका." मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला मुलाला अभ्यासातून काढायला सांगितलं होतं. घरातून काढायला नव्हतं सांगितलं."

तो क्लासहून दोनला आला होता आणि मी पोचले तेव्हा जेवायला थांबला होता. हे त्यानं कधीच केलं नव्हतं, की मी कधी बघितलं नव्हतं? मी भात कुकरमधून काढेपर्यंत मनात प्रश्नांची जुळवाजुळव करत होते. तुला फार ताण आलाय का? सूचक प्रश्न. झोप आणि जेवण ठीक आहे ना? एकात दोन. सगळं बरं चाललंय ना? याला मुलं 'हो' म्हणतात, आईला बरं वाटावं म्हणून. दोन वर्षं शिकून माझ्याकडे पोटच्या पोराला विचारायला एक सरळ प्रश्न नव्हता.

ताटं वाढली. खोक्याची जागा रिकामी होती, तिथे त्यानं एकदा बघितलं. मी त्याच्याकडे बघायचं नाही, एवढंच पाळत होते. आमटीकडे बघत मी विचारलं, "गेल्या महिन्यात कसं वाटलं तुला?"

त्यानं आमटीची वाटी भातावर उपडी केली. मग म्हणाला, "किती झाले फॉर्म?"

"बावन्न आले," मी म्हटलं. खोटं बोलणं मला जमलं नसतं. "एक्कावन्न धरले."

"आणि एक?"

"तो बाद करावा लागला. त्याला पालकांची सही नव्हती."

त्यानं भातात बोट फिरवलं. आता तो उठून आत जाईल आणि दार लावून घेईल, मला खात्री होती. तो उठला. बेसिनकडे नाही गेला. कोरी संमतीपत्रं उरली होती ती खिडकीच्या कट्ट्यावर पडली होती, त्यातलं एक डाव्या हातानं उचलून त्यानं माझ्या ताटाशेजारी ठेवलं. त्यावर त्याचं निळं पेन.

"मग कर ना सही," तो म्हणाला.

उजवा हात आमटीभाताचा. मी डाव्या हातानं सही केली, बँकेनं परत केली असती अशी. त्या सहीचा अभ्यासाला काडीचाही उपयोग नव्हता. मुलानं ती नीट बघितली, कागद बाजूला सरकवला, खुर्ची जवळ ओढली आणि बोलायला लागला. सप्टेंबरपासून क्लासमधलं काहीच कळत नाहीये, पोटात दुखतं म्हणून तो दोनदा पेपर अर्ध्यात सोडून आलाय, यंदा बसायचं नाहीये पण बाबांना सांगायचं धाडस नाही. मधेच तो थांबला की मला विचारावंसं वाटे आणि मी विचारी. जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का, तेही विचारलं, सरळ त्याच शब्दांत. "नाही गं," तो म्हणाला, "फक्त परीक्षा नको वाटते," आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

ह्यांना आता काय सांगायचं, हे आमचं ठरायचं होतं, आणि ते सोपं जाणार नव्हतं. पण हे यायला वेळ होता. आम्ही दोघं उठलो तेव्हा ताटातला भात वाळून गेला होता, आणि हाताला लागलेला खरवडून काढावा लागला.